बाळ उचलताना अंगठ्याकडचं मनगट दुखतंय? मधुराने उचलायची पद्धत कशी बदलली ते स्टेप बाय स्टेप

बाळंतपणानंतर महिना-दीड महिन्याने मनगट दुखायला लागणं खूप कॉमन आहे, आणि बहुतेक जणी ते "झोप नाही, थकवा आहे, होईल बरं" म्हणून अंगावर काढतात. पण हे दुखणं साध्या थकव्याचं नसतं. ते मनगटाच्या एका ठरलेल्या जागी असतं, ठरलेल्या हालचालीला होतं, आणि ती हालचाल म्हणजे नेमकी बाळ उचलायची. म्हणूनच पट्टा बांधला, जेल चोळलं, गोळी घेतली तरी ते परत परत येतं, कारण दुखवणारं काम दिवसभर चालूच असतं.

मी हाताचे पेशंट बघणारी फिजिओथेरपिस्ट आहे. या लेखातली मधुरा ही कोणी एक बाई नाही, अशा बऱ्याच जणी मिळून तयार केलेली ती मधुरा आहे, पण तिचं दुखणं आणि तिने काय काय बदललं ते अगदी नेहमी बघायला मिळतं तसंच आहे. तिच्या गोष्टीतूनच सगळं सांगते, म्हणजे कुठली गोष्ट का करायची ते आपोआप कळेल.

दुखतंय नक्की कुठे

मधुरा आली तेव्हा तिचं बाळ अडीच महिन्यांचं होतं, वजन साधारण पाच किलो. जन्माच्या वेळी तीन किलोचं होतं. हा फरक लक्षात ठेवा, कारण आईची उचलायची पद्धत पहिल्या दिवशी पडते तीच राहते आणि बाळ मात्र वाढत जातं. साधारण पाच-सहा महिन्यांत बाळाचं वजन जन्माच्या दुप्पट होतं, म्हणजे मनगटावरचं ओझंही दुप्पट, आणि ते इतकं हळूहळू वाढतं की लक्षातच येत नाही.

तिला विचारलं कुठे दुखतं, तर तिने एका बोटाने अचूक जागा दाखवली. अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या कडेला जे हाड थोडं वर आलेलं लागतं, बरोब्बर त्याच्यावर. थोडी सूज होती, दाबलं की ती हात मागे घ्यायची. बाळाच्या झबल्याची टिचबटणं लावताना कळ यायची, बाटलीचं झाकण फिरवताना यायची, आणि सगळ्यात जास्त रात्री पाळण्यातून बाळ उचलताना. "मॅडम, कळ अशी येते ना की भीती वाटते बाळ हातातून सुटेल," असं ती म्हणाली. ही भीती जवळजवळ प्रत्येकीला असते, त्यामुळे त्यात घाबरट वगैरे काही नाही.

त्या हाडावरून अंगठा बाहेर आणि वर नेणाऱ्या दोन टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, जातात. जागेवरून हलू नयेत म्हणून त्यांच्यावर एक घट्ट आवरण असतं, आणि नेफ्यातून नाडी सरकते तशा त्या त्यातून मागेपुढे सरकतात. आवरण जाड झालं किंवा टेंडन सुजल्या की जागा कमी पडते आणि प्रत्येक सरकण्याला घासल्यासारखं होतं. याला डी क्वेर्व्हेनचा आजार म्हणतात. फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन नावाच्या स्विस सर्जनने 1895 साली याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. बाळंतपणानंतर शरीरात होणारे हॉर्मोनचे बदल आणि अंगात साठणारं पाणी यांचाही यात हात असावा असं मानतात, पण ते आपल्या हातात नाही. अंगठा आणि मनगट दिवसभर कशा पोझिशनमध्ये राहतात ते आपल्या हातात आहे.

घरी एक साधी तपासणी करता येते. अंगठा तळहातात दुमडा, त्यावर बाकीची बोटं मिटून मूठ करा, आणि मनगट हळूच करंगळीच्या दिशेला झुकवा. त्या हाडावर सणसणीत कळ आली तर शंका पक्की होत जाते. पण दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे ही तपासणी काहीच झालेलं नसलेल्या माणसालाही थोडी ताणते, म्हणून आधी चांगल्या हाताने करा आणि दोन्हींतला फरक बघा. दुसरं म्हणजे एकदाच करा. मधुरा दिवसातून दहा वेळा "आज बरं आहे का" म्हणून करून बघायची, वर कुठल्यातरी व्हिडिओत बघून हाच स्ट्रेच म्हणूनही करत होती! सुजलेली टेंडन रोज त्याच कोपऱ्यावरून ताणून कशी बरी होईल? ते आधी बंद केलं.

आता हे दुखणं कशाचं नाही तेही बघून घ्या. अंगठा, पहिलं आणि मधलं बोट बधिर होतंय, मुंग्या येतायत, रात्री हात झटकून जाग येते, तर तो बहुधा मनगटात नस दाबली जाऊन होणारा कार्पल टनेलचा त्रास, तोही बाळंतपणाच्या आसपास होतो पण त्याची वाट वेगळी आहे. हातावर पडल्यानंतर दुखायला लागलं असेल तर आधी एक्स-रे. आणि जागा लाल, गरम, खूप सुजलेली, सोबत ताप असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

दिवसभर हात काय करतात ते आधी बघा

मधुराला मी सांगितलं, फोन कपाटावर कुठेतरी टेकवून ठेव आणि एक दिवस बाळ उचलताना, पाजताना, डायपर बदलताना थोडं थोडं रेकॉर्ड कर. तिला वाटत होतं दुखणं उचलताना होतं. व्हिडिओत वेगळंच निघालं. उचलण्यात चूक होतीच, पण पाजताना ती बाळाचं डोकं तळहातात धरायची, अंगठा एका कानामागे आणि बोटं दुसऱ्या कानामागे, मनगट आत वळलेलं, आणि हे अर्धा-पाऊण तास, त्याच हाताने. मग दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फोन स्क्रोल. म्हणजे एका हाताला आराम नाही आणि दुसरा हात आजारी पडायच्या रांगेत.

उचलतानाचं दृश्य तर ठरलेलंच होतं. दोन्ही हात बाळाच्या काखेत, अंगठे पुढे छातीवर आणि चार बोटं मागे, म्हणजे अंगठा पहिल्या बोटापासून पूर्ण लांब, इंग्रजी एल अक्षरासारखा. मग वर उचलायचं. या पोझिशनमध्ये बाळाचं वजन मनगटाला करंगळीच्या बाजूला खाली ओढतं आणि अंगठा मात्र ताणून उघडा धरलेला असतो. त्या दोन टेंडन एकाच वेळी जोर लावतात आणि हाडावरून वाकून घासतात. मगाशी केलेली मुठीची तपासणी आठवा, मनगटाची तीच दिशा, फक्त इथे वर पाच किलो वजन आहे.

एवढं कळलं की बाकीचं सगळं तीन नियमांत बसतं: अंगठा बोटांना चिकटून, मनगट सरळ, आणि वजन तळहातावर न घेता कोपर ते मनगट या भागावर घ्यायचं. पुढचं सगळं हे तीन नियम रोजच्या कामात कसे बसवायचे याबद्दलच आहे.

झोपलेलं बाळ उचलणं

आधी बाळावर प्रयोग करू नका. मधुराने एक दुलई गुंडाळून, बांधून, बिछान्यावर ठेवली आणि दोन दिवस येता-जाता तीच उचलली. नवरा हसत होता, मग त्यालाही उचलायला लावली.

पहिली गोष्ट म्हणजे जवळ जा. पाळण्याच्या कडेला पोट किंवा मांड्या टेकल्या पाहिजेत. लांबून हात पुढे करून उचललं की कितीही चांगली पकड असली तरी मनगट वाकणारच, कारण लांब गेलेल्या हाताला ताकद मनगटातूनच काढावी लागते. पाय थोडे लांब, गुडघे आणि कंबरेचा सांधा वाकलेला. पाळण्याची बाजू खाली होत असेल तर ती दर वेळी खाली करा, कंटाळा येतो पण करा. गादीची उंची बदलता येत असेल तर बाळ लहान असेपर्यंत ती वरच्या लेव्हलला ठेवा, मात्र बाळ कुशीवर वळायला किंवा हाताने उठायला लागलं की लगेच खाली घ्यायची, तिथे मनगटापेक्षा बाळाची सेफ्टी आधी.

मग बाळाला एका कुशीवर थोडंसं वळवा, अगदी थोडं, पाठीखाली जागा होण्यापुरतं. त्या जागेतून एक हात तळवा वर ठेवून मान आणि खांद्यांखाली सरकवा. हात नुसता बोटांपर्यंत नको, चांगला आत जाऊ दे, म्हणजे बाळाचं डोकं आणि मान तुमच्या मनगटाच्या वर, हातावर टेकेल. दुसरा हात तसाच तळवा वर ठेवून ढुंगणाखाली. आता थांबा आणि अंगठे बघा. दोन्ही अंगठे पहिल्या बोटाला चिकटलेले पाहिजेत. सुरुवातीला अंगठा आपोआप उघडतो, सवयच असते ती, म्हणून हा एक सेकंदाचा थांबा महत्त्वाचा आहे.

यानंतर बाळाला वर उचलायचं नाही, आधी आपल्याकडे ओढायचं. कोपर बरगड्यांना लावून बाळ छातीशी आणा, आणि ते छातीला टेकल्यावर मग पायांच्या जोराने उभं राहा. मधुराला हीच स्टेप सगळ्यात अवघड गेली, ती आधी उचलून मग जवळ घ्यायची, आणि मधल्या त्या क्षणभरात पूर्ण वजन मनगटावर यायचं. ती म्हणाली की उलटं करायला लागल्यावर पहिल्यांदा कळ आलीच नाही, फक्त जडपणा जाणवला, आणि जाणवला तो दंडात. दंडात आणि मांड्यांत काम जाणवलं म्हणजे बरोबर चाललंय, अंगठ्याच्या मुळाशी जाणवलं म्हणजे कुठेतरी हात परत उघडलाय.

खाली ठेवताना बहुतेक जणी बेसावध असतात. बाळ झोपलंय, जाग येऊ नये म्हणून श्वास रोखून ठेवतात आणि शेवटी डोक्याखालचा हात अंगठ्याने उचकटून बाहेर काढतात. तसं नको. छातीशी धरूनच वाका, आधी ढुंगण टेकवा, मग पाठ, मग डोकं, आणि हात वर न काढता गादीला घासत बाजूला सरकवत काढा.

बाळ मान धरायला लागलं, म्हणजे साधारण चार महिन्यांच्या पुढे, की अजून सोपं होतं. बाळाला कुशीवर वळवायचं, एक हात वरून छातीखाली घालायचा आणि दुसरा दोन्ही पायांच्या मधून पोटाखाली, आणि मग तसंच आधी जवळ ओढून उठायचं. बसणारं बाळ असेल तर काखेत हात घालण्याचा मोह सगळ्यात जास्त होतो, कारण तेही हात वर करून तयारच असतं. तेव्हा एक हात पाठीमागून आणि एक ढुंगणाखाली, एवढंच. आणि काखेतच हात घालायची वेळ आली, कधीतरी येतेच, तर अंगठे बोटांबरोबर ठेवून तळहातांनी दोन्ही बाजूंनी बरगड्या धरा, अंगठा पुढे काढू नका.

जमिनीवरून उचलताना एक गुडघा टेकून खाली बसा, बाळाला आधी उभ्या गुडघ्याच्या मांडीवर घ्या, मग छातीशी, मग उठा. वाकून एका झटक्यात उचललं तर मनगटाबरोबर कंबरही जाते.

कडेवर, खांद्यावर

उचलणं काही सेकंदांचं, घेऊन फिरणं अर्धा-अर्धा तास. मधुराचं मनगट उचलण्यात सुधारलं तरी संध्याकाळी ठणकायचंच, कारण रडणारं बाळ घेऊन ती घरभर फिरायची आणि तेव्हा हात बाळाच्या ढुंगणाखाली आकड्यासारखा वाकलेला असायचा.

ओळखायचं कसं? आरशासमोर उभं राहा आणि मनगट बघा. हाताची पाठ आणि कोपराकडून येणारा हात एका रेषेत दिसला तर ठीक. मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा अंगठ्याच्या बाजूला चामडीची घडी पडलेली दिसली तर मनगट वाकलंय. इतकं साधं आहे, आणि आरसा जाता-येता असतोच.

खांद्यावर घेताना बाळाचं ढुंगण तुमच्या हातावर, कोपराच्या थोडं पुढे बसलं पाहिजे, मनगटावर नाही. पंजा नुसता त्याच्या मांडीवर टेकलेला, सैल. कडेवर घेताना हात पाठीमागून फिरवून बाळाची पलीकडची मांडी उघड्या तळव्याने धरा, अंगठा बोटांसोबत. वजन कंबरेच्या हाडावर, हात फक्त आधाराला. आणि बाजू बदला. बऱ्याच जणी एकाच बाजूला घेतात म्हणजे चालता हात मोकळा राहतो, मग दुखतो तो धरणारा हात. बाजू बदलायला आठवत नाही हे खरंय, त्यामुळे मधुराने ढोबळ सोय केली, पाजून झाल्यावर ज्या बाजूला पाजलं तिच्या उलट बाजूला घ्यायचं. परफेक्ट नाही, पण झालं.

कापडाची झोळी किंवा बेबी कॅरिअर हा हातांसाठी मोठा आराम आहे आणि माझं मत विचाराल तर या दुखण्यात पट्ट्याच्या आधी ते घ्यावं. फक्त बाळाचा चेहरा कायम दिसला पाहिजे, हनुवटी छातीला टेकलेली नको, नाक-तोंड कापडाने किंवा तुमच्या अंगाने झाकलेलं नको, आणि बाळ इतकं वर हवं की मान वाकवून त्याच्या डोक्याची पापी घेता येईल. आत ठेवताना आणि काढतानाही हाताचे तेच नियम, नाहीतर झोळी बांधताना कळ यायची.

पाजताना

मधुराच्या बाबतीत खरा फरक इथे पडला असं मला वाटतं. डोकं पंज्यात धरायची सवय पहिल्या आठवड्यात लागते, तेव्हा बाळाला स्तन पकडायला मदत लागते म्हणून ते बरोबरही असतं. पण बाळ नीट पकडायला लागल्यावरही तो हात तिथेच राहतो.

करायचं असं: आधी स्वतः टेकून बसा. मग मांडीवर उशी, गरज असेल तर दोन, इतक्या की बाळ हाताचा काहीही जोर न लावता स्तनाच्या उंचीला येईल. हात पूर्ण काढून बघा, बाळ खाली जात असेल तर उशी कमी आहे. बाळ पूर्ण कुशीवर, पोट तुमच्या पोटाला. डोकं आता कोपराच्या घडीजवळ, हातावर. पंजा त्याच्या पाठीवर किंवा मांडीवर मोकळा. सुरुवातीला पकडायला पंज्याची मदत लागली तर घ्या, पण गिळायचा आवाज येऊन लय लागली की पंजा सोडवून हात आत सरकवा. कुशीवर झोपून पाजलं तर हाताला पूर्ण सुट्टी मिळते, मात्र डुलकी लागत असेल तर सोफ्यावर किंवा खुर्चीत बाळ घेऊन बसूच नका, तिथे झोप लागणं बाळासाठी धोक्याचं आहे.

बाटली असेल तर ती अंगठा आणि बोटांच्या चिमटीत घट्ट धरायची गरज नसते, खालून तळव्यावर टेकवा आणि मध्येच हात बदला. आणि फोन? तो लांब ठेवा म्हणणं सोपं आहे, रात्री तीन वाजता दुसरं करणार काय. मधुरा फोन उशीला टेकवून काहीतरी बघायची किंवा ऐकायची, अंगठ्याने स्क्रोल नाही.

छोट्या कामांपैकी एकच सांगते, डायपर. दोन्ही घोटे एका हातात धरून ढुंगण वर उचलायचं ही हालचाल अंगठ्याला फार महागात पडते. त्याऐवजी बाळाला एका कुशीवर वळवा, पुसा, डायपर खाली सारा, परत सरळ करा. वेळ तेवढाच लागतो.

पट्टा, बर्फ आणि चोळणं

मधुरा येताना मनगटाचा पट्टा घालूनच आली होती, पण तो नुसता मनगटाचा, अंगठा मोकळा. या दुखण्यात त्याचा फारसा उपयोग नाही, कारण दुखणाऱ्या टेंडन अंगठा हलवतात. हवा तो अंगठ्यासकट असलेला स्प्लिंट, थंब स्पायका म्हणतात त्याला. तो हातावरून निघून अंगठ्याचा खालचा भाग धरतो आणि टोकाचा सांधा मोकळा ठेवतो.

तो दिवसरात्र करकचून बांधून ठेवायचा नसतो. रात्री झोपताना आणि दिवसा जिथे दुखतंच अशा कामांना घाला, दिवसातून तीन-चार वेळा काढून अंगठा आणि मनगट न दुखेल इतकं हळू हलवा, नाहीतर ते आखडतं. बोटांत मुंग्या आल्या तर घट्ट आहे. आतली पट्टी धातूची असते, ती बाळाच्या डोक्याला लागू नये म्हणून मधुरा त्यावर जुना मऊ मोजा चढवायची, टोक कापून. आणि पट्टा घातला म्हणून उचलायची जुनी पद्धत चालेल असं नाही, बऱ्याच जणींचं इथेच फसतं. पट्टा अडचणीचा होतो म्हणून बाळ उचलताना काढतात, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी तो टेबलावर.

बर्फ कापडात गुंडाळून दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, बरं वाटत असेल तर. दुखऱ्या हाडावर जोराने चोळणं नको, घरातलं कोणीतरी प्रेमाने चोळून देतं आणि रात्री सूज वाढते. लावायचं जेल वापरत असाल तर बाळाच्या तोंडाला आणि अंगाला लागणार नाही याची काळजी घ्या, आणि पाजत असताना कुठलीही गोळी डॉक्टरला विचारूनच.

मधुराचं पुढे काय झालं

पहिला आठवडा फारसा बरा गेला नाही. दिवसा सगळं नीट जमायचं, रात्री अर्धवट झोपेत हात जुन्या पद्धतीनेच जायचे. अशा वेळी अजून लक्ष दे, आठवण ठेव म्हणून काही होत नाही, झोपेत कोण आठवण ठेवणार. म्हणून आम्ही व्यवस्थाच बदलली. मंद दिवा चालू ठेवला, पाळणा तिच्या बिछान्याला लागून आणि उंचीला जवळपास सारखा, आणि रात्रीचं उचलायचं काम नवऱ्याकडे. तो बाळ उचलून तिच्या उशीवर ठेवायचा, पाजून झालं की परत न्यायचा. तो कुरकुरला थोडा, पण दुलईची प्रॅक्टिस झालेलीच होती. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आम्ही नाही का उचलली एवढी पोरं?" आणि मग हळूच स्वतःचं मनगट दाखवून विचारलं की हेही त्यातलंच का. त्यांचं अंगठ्याच्या सांध्याच्या झिजेचं निघालं, तो वेगळा विषय.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आधी गेली ती अचानक येणारी कळ. ठणका मागे राहिला, विशेषतः संध्याकाळी. हा क्रम नेहमीचा आहे, म्हणून ठणका आहे म्हणजे काहीच फरक नाही असं समजू नका, बघायचं ते हे की टिचबटणं लावताना कळ येते का आणि सकाळी अंगठा किती आखडलेला असतो. सहाव्या आठवड्यापर्यंत तिचा पट्टा फक्त रात्रीपुरता उरला, दाबल्यावर जागा हुळहुळी होती पण सूज नव्हती. मध्ये एकदा पाहुणे आले, दिवसभर बाळ हातोहात, तिने परत काखेत हात घालून उचललं आणि दोन दिवस दुखलं. ते दोन दिवस पट्टा, बर्फ, आणि परत नियम, तेवढ्यावर बसलं.

व्यायाम आम्ही तेव्हा सुरू केले जेव्हा रोजच्या कामाला कळ येणं थांबलं होतं, त्याआधी नाही. हात टेबलावर, अंगठा वर, दुसऱ्या हाताने अंगठ्याला हलका अडथळा द्यायचा आणि अंगठा न हलवता फक्त जोर लावायचा, पाच-सहा सेकंद, थोड्या वेळा. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं तर जोर कमी करायचा. ते आठवडाभर निवांत जमल्यावर अंगठा आणि बोटांभोवती सैल रबरबँड घालून हळू उघडणं आणि त्याहून हळू मिटणं.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही हेही खरं. चार ते सहा आठवडे पद्धत खरोखर बदलून आणि योग्य पट्टा वापरूनही कळ तेवढीच असेल, किंवा सुरुवातीलाच इतकी असेल की बाळ धरता येत नाही, तर हाताच्या किंवा हाडांच्या डॉक्टरकडे जा. आवरणात स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात आणि बऱ्याच जणींना एकातच आराम पडतो. पहिले एक-दोन दिवस दुखणं वाढू शकतं, त्या जागची चामडी थोडी फिकी किंवा पातळ होऊ शकते, आणि डायबेटिस असेल तर काही दिवस साखर वाढते, तेव्हा आधी सांगा. पाजताय हेही सांगा, त्यासाठी साधारणपणे पाजणं थांबवावं लागत नाही. काहींच्या आवरणात आतून एक पडदा असतो आणि दोन टेंडनचे दोन वेगळे कप्पे असतात, तेव्हा औषध एकाच कप्प्यात जाऊन अर्धवट गुण येतो, म्हणून पहिलं इंजेक्शन लागू पडलं नाही तर सोनोग्राफीवर बघून द्यायचं का ते विचारा. त्यानेही नाही झालं तर छोटं ऑपरेशन करून आवरण मोकळं करतात, सहसा फक्त तेवढा भाग बधिर करून. ही वेळ थोड्याच जणींवर येते. आणि इंजेक्शन घेतल्यावर दुखणं गेलं तरी उचलायचं मात्र वर सांगितल्यासारखंच, कारण बाळ अजून वर्षभर तरी कडेवरच असणार आहे आणि वर्षाचं होईपर्यंत त्याचं वजन जन्माच्या तिप्पट झालेलं असेल.